एका संगणकावर ईव्ह ऑनलाइनचे पाच क्लायंट चालवण्यासाठी हार्डवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नवा संगणक जोडून घेणाऱ्या किंवा जुन्यातच भर घालणाऱ्या खेळाडूंकडून एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत येत राहते: एका यंत्रावर एकाच गेमच्या चार-पाच प्रती सुरळीत चालाव्यात, तर पैसा नेमका कशावर घालावा? खालील उत्तरे ईव्ह ऑनलाइन हा गेम समोर ठेवून लिहिली आहेत, कारण अनेक क्लायंट एकाच वेळी चालवण्याची पद्धत तेथे फार जुनी आहे. हिशेब करण्याची रीत मात्र इतर ऑनलाइन गेमनाही लागू पडते. गेमच्या प्रत्येक चालू प्रतीला येथे ‘क्लायंट’ म्हटले आहे.

1. क्लायंट पाच झाले की सगळेच हार्डवेअर पाचपट लागते का?

नाही, आणि खरेदीतल्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. प्रत्येक क्लायंट ही स्वतंत्र प्रक्रिया असते. तिचे अवकाशाचे चित्र, तिची जहाजे आणि तिच्या खिडक्या तिने स्वतःच्या रॅममध्ये व ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत वेगळ्या ठेवलेल्या असतात. म्हणून रॅम आणि व्हीरॅम या दोन गोष्टी जवळजवळ क्लायंटच्या पटीत वाढतात. प्रोसेसरवरचा भार किती वाढेल, हे मागच्या खिडक्या सेकंदाला किती चित्रे काढतात यावर ठरते आणि तो बराचसा आपल्या हातात असतो (प्रश्न 7 पाहा). डिस्कवरील फायली सर्व क्लायंट मिळून एकाच ठिकाणाहून वाचतात, त्यामुळे साठवणीची जागा वाढत नाही. इंटरनेटचा वापरही एवढा कमी असतो की घरच्या साध्या फायबर जोडणीवर पाच क्लायंट आरामात चालतात.

2. एकाच वेळी अनेक क्लायंट चालवणे नियमांत बसते का? त्यासाठी खास कीबोर्ड घ्यावा का?

ईव्हमध्ये एका खेळाडूने अनेक खाती चालवण्यास परवानगी आहे, पण मोफत अल्फा खाते दुसऱ्या कोणत्याही खात्याबरोबर एकाच वेळी चालवता येत नाही. पाच क्लायंट चालवायचे असतील तर पाचही खाती सशुल्क ओमेगा असावी लागतात, आणि हार्डवेअरच्या आधी या आवर्ती खर्चाचा विचार करणे योग्य. एक कळ दाबून ती सर्व खिडक्यांत पोहोचवण्यावर 1 जानेवारी 2015 पासून बंदी आहे, त्यामुळे असे काम करणाऱ्या उपकरणावर पैसे घालवू नयेत. इतर गेमचे नियम वेगळे असतात, ते खरेदीपूर्वी वाचावेत.

3. पाच क्लायंटसाठी रॅम किती हवी?

कोणीतरी सांगितलेला आकडा घेण्याऐवजी आपल्याच यंत्रावर एक क्लायंट मोजावा, आणि तोही सर्वांत वाईट प्रसंगी मोजावा. लॉग-इनच्या पडद्यावर किंवा रिकाम्या अवकाशात उभ्या असलेल्या क्लायंटचा आकडा फसवा असतो. तोच क्लायंट तासभर खेळून गेममधल्या गर्दीच्या सौर प्रणालीत, अनेक खिडक्या उघड्या असताना पाहिला, तर आकडा बराच वर गेलेला दिसतो. ईव्हच्या क्लायंटचे प्रक्रिया-नाव `exefile` आहे, त्यामुळे पॉवरशेलमध्ये पुढील ओळ दिली की प्रत्येक क्लायंटने किती स्मृती मागून घेतली आहे ते गिगाबाइटमध्ये दिसते:

```
Get-Process exefile | Select-Object Id, @{n='GB';e={[math]::Round($_.PrivateMemorySize64/1GB,2)}}
```

यानंतर हिशेब सरळ आहे. क्लायंट बंद असताना विंडोज, ब्राउझर आणि बोलण्याचे ॲप मिळून किती रॅम व्यापतात ते पाहावे, त्यात मोजलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याची पाचपट मिळवावी आणि वर दोन-तीन जीबी मोकळी राहतील असे पाहावे. साधारण सेटिंगवर पाच क्लायंटसाठी हा हिशेब बहुधा 16 जीबीच्या पलीकडे आणि 32 जीबीच्या आत येतो. दोन क्लायंटवर थांबणाऱ्यांना 16 जीबी पुरते, त्यांनी विनाकारण खर्च करू नये.

4. माझ्याकडे 16 जीबीची एकच स्टिक आहे. तशीच दुसरी लावू की 32 जीबीची एक घेऊ?

तशीच दुसरी लावावी. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी वाचन करतो, आणि पाच क्लायंट एकदम स्मृती मागत असताना हा फरक एका क्लायंटपेक्षा जास्त जाणवतो. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर साधारणपणे प्रोसेसरपासून मोजता दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, तरीही मदरबोर्डचे पुस्तक पाहूनच स्टिक बसवावी. डीडीआर5 मध्ये चारही स्लॉट भरले तर रॅमचा वेग खाली आणावा लागतो, म्हणून त्या मदरबोर्डवर सुरुवातीलाच मोठ्या दोन स्टिक घेणे शहाणपणाचे ठरते. तपकीर गल्लीत किंवा इतरत्र जुनी स्टिक स्वस्तात मिळत असेल, तर ती घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवून पाहावी. खराब स्टिक एका क्लायंटला कित्येकदा जाणवतही नाही, कारण तिचा बिघडलेला भाग तोवर वापरात आलेला नसतो. रॅम पूर्ण भरली की मात्र क्लायंट एकामागून एक बंद पडू लागतात.

5. ग्राफिक्स कार्ड किती मोठे घ्यावे?

कार्डाच्या ताकदीपेक्षा त्यावरील व्हीरॅम आधी पाहावी. टास्क मॅनेजरच्या `Performance` भागात ग्राफिक्स कार्ड निवडले की `Dedicated GPU memory` आणि `Shared GPU memory` असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा काठोकाठ भरून दुसरा वाढू लागला, की कार्डाने आपला माल संगणकाच्या साध्या रॅममध्ये ठेवायला सुरुवात केली असे समजावे. ती रॅम कार्डाच्या दृष्टीने फार संथ असते. एका खिडकीतून दुसरीत जाताना अर्धा-एक सेकंद चित्र गोठते ते यामुळे, आणि त्या वेळी कार्डाच्या वापराची टक्केवारी कमीच दिसत असल्याने अनेकांना कारण उमगत नाही.

व्हीरॅम वाचवण्याचे दोन खात्रीचे उपाय आहेत. टेक्स्चरची गुणवत्ता सर्वांत खाली आणावी आणि मागच्या खिडक्या पूर्ण पडद्याऐवजी 1280×720 इतक्या लहान ठेवाव्यात. सावल्या आणि अँटी-अलायझिंग बंद केल्यानेही भर पडते. एवढे केल्यावर पाच क्लायंट 4 जीबीच्या कार्डावर बसू शकतात. मुख्य खिडकी देखण्या सेटिंगवर हवी असेल तर 8 जीबीचे कार्ड घ्यावे. प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की तेथील व्हीरॅम मुख्य रॅममधूनच कापली जाते, त्यामुळे ती प्रश्न 3 च्या बेरजेत मिळवावी लागते.

6. टास्क मॅनेजर प्रोसेसर फक्त 40 टक्के वापरात दाखवतो, तरीही पाचही खिडक्या अडखळतात. असे का?

कारण ती टक्केवारी सर्व थ्रेडची सरासरी असते. ईव्हचा क्लायंट स्टॅकलेस पायथनवर उभा आहे आणि त्याचे मुख्य काम एकाच थ्रेडवर चालते. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण राबत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये तो शंभराचा बारावा भाग, म्हणजे 8.3 टक्के एवढाच दिसतो. असे पाच क्लायंट आपापला मुख्य थ्रेड पूर्ण वापरत असतील, तर बेरीज सुमारे 42 टक्के होते. आकड्यावरून प्रोसेसर निम्म्याहून अधिक मोकळा वाटतो, पण पाचांपैकी एकाही क्लायंटला अधिक वेगाने धावण्यास वाव उरलेला नसतो.

म्हणून टास्क मॅनेजरच्या `Details` भागात `exefile.exe` च्या प्रत्येक ओळीतील `CPU` चा आकडा पाहावा आणि 100 ला आपल्या थ्रेडसंख्येने भागून आलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. तो त्याच्या जवळपास किंवा वर सतत टिकून असेल, तर क्लायंट प्रोसेसरवर अडला आहे. खरेदीचे सूत्रही यातून निघते: जितके क्लायंट तितके खरे कोअर आणि वर एखादा विंडोजसाठी, आणि त्यातला प्रत्येक कोअर शक्य तितका वेगवान. पाच क्लायंटसाठी सहा कोअरचा अलीकडचा प्रोसेसर पुरतो, आठ कोअर निवांत. सोळा कोअरचा महागडा प्रोसेसर घेतल्याने पाच क्लायंट अधिक वेगाने चालत नाहीत.

7. काहीही विकत न घेता सर्वांत मोठा फरक कशाने पडतो?

मागच्या खिडक्यांच्या एफपीएसला लगाम घातल्याने. मर्यादा नसेल तर न पाहिल्या जाणाऱ्या चार खिडक्याही सेकंदाला शंभर-शंभर चित्रे काढत राहतात, आणि त्यासाठी प्रोसेसर व कार्ड दोन्ही राबतात. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये `Background Application Max Frame Rate` हे सेटिंग आहे. ते 20 ते 30 वर ठेवले की समोरची खिडकी पूर्ण वेगाने चालते आणि मागच्या संथ होतात, तरीही त्यांच्यातले घडामोडींचे दर्शन तुटत नाही. याहून खाली गेल्यास खिडकी बदलल्यावर पहिला क्लिक उशिरा लागतो असा अनुभव येतो. गेममध्येच `Present Interval` चे सेटिंग `Interval One` केले तर प्रत्येक खिडकी निदान मॉनिटरच्या वेगापलीकडे धावत नाही. कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी हे करून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कार्ड लहान पडते म्हणून विचारणाऱ्यांपैकी काहींचे काम एवढ्यानेच भागते.

8. एखादे उदाहरण पूर्ण हिशेबासह द्याल का?

कोथरूडमधील एका खेळाडूचे यंत्र घेऊ. प्रोसेसर रायझन 5 5600, डीडीआर4 ची 16 जीबीची एक स्टिक, 4 जीबीचे जीटीएक्स 1650 कार्ड, साधा साटा एसएसडी आणि दोन मॉनिटर. तक्रार अशी होती की दोन क्लायंट छान चालतात, तिसरा उघडला की खिडकी बदलताना चित्र गोठते, आणि चौथा उघडताना संपूर्ण संगणक काही काळ प्रतिसाद देत नाही. ‘यंत्र जुने झाले’ असा निष्कर्ष काढून नवा प्रोसेसर आणि कार्ड घेण्याची तयारी झाली होती.

मोजणीत विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड मिळून 4.5 जीबी निघाले, तर मध्यम सेटिंगवरील एक क्लायंट गर्दीच्या ठिकाणी 3 जीबीपर्यंत गेला. दोन क्लायंटना 10.5, तिघांना 13.5 आणि चौघांना 16.5 जीबी लागतात, म्हणजे चौथ्यापाशी रॅम ओलांडली जाते आणि विंडोज डिस्कवर माल हलवू लागते. चौथ्याच्या वेळी संगणक गोठण्याचे कारण सापडले. पण तिसऱ्या क्लायंटला रॅम पुरत होती, तरी चित्र गोठत होते. तेथे व्हीरॅम पाहिली: प्रत्येक क्लायंट 1.2 जीबी आणि दोन मॉनिटरचा डेस्कटॉप 0.6 जीबी, म्हणजे तिघांचे मिळून 4.2 जीबी, कार्डावर मात्र 4. लक्षणे वरवर सारखी होती, पण त्यांची कारणे दोन निघाली.

उपाय पुढील क्रमाने झाले. पाचही क्लायंटचे टेक्स्चर खालच्या पातळीवर आणून मागच्या खिडक्या लहान केल्यावर प्रत्येकाची व्हीरॅम सुमारे 0.6 जीबीवर आली. पाच क्लायंट आणि डेस्कटॉप मिळून 3.6 जीबी झाले आणि कार्डात थोडी जागाही उरली. मागच्या खिडक्यांना 30 एफपीएसची मर्यादा घातली. त्यानंतर त्याच कंपनीची, त्याच वेगाची दुसरी 16 जीबीची स्टिक बसवली. पाच क्लायंटना जास्तीत जास्त 19.5 जीबी लागतात, म्हणून 32 जीबीत ऐसपैस जागा राहिली. सहा कोअरमध्ये पाच मुख्य थ्रेड मावत असल्याने प्रोसेसर तोच ठेवला. एकूण खर्च एका स्टिकचा.

9. रॅम शिल्लक दिसत असतानाही क्लायंट अचानक बंद पडतो. का?

विंडोज स्मृतीचे वचन देताना केवळ रॅम मोजत नाही, तर रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज मोजते. टास्क मॅनेजरच्या `Memory` भागातील `Committed` हा आकडा म्हणजे दिलेली वचने आणि त्यापुढील आकडा म्हणजे त्यांची कमाल मर्यादा. कार्यक्रम प्रत्यक्ष वापरतात त्यापेक्षा बरीच जास्त स्मृती मागून ठेवतात, म्हणून रॅम मोकळी असतानाही ही मर्यादा संपू शकते, आणि मग पुढची मागणी नाकारली गेलेला क्लायंट बंद पडतो. जुन्या सल्ल्यांवरून पेजफाइल बंद करून ठेवलेल्या यंत्रांवर हे हमखास घडते. पेजफाइल पुन्हा चालू करून तिचा आकार विंडोजवर सोपवावा.

10. मोठ्या लढाईत सगळे संथ होते. हे हार्डवेअरमुळे का?

नेहमीच नाही. ईव्हचा सर्व्हर भार फार वाढला की त्या प्रणालीतील काळाचा वेग मुद्दाम कमी करतो, कधी कधी मूळ वेगाच्या 10 टक्क्यांपर्यंत, आणि तेथे आपले यंत्र कितीही बलवान असले तरी फरक पडत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. शस्त्रे संथ चालत असली तरी कॅमेरा माउसबरोबर सहज फिरत असेल, तर संथपणा सर्व्हरचा. कॅमेराच धक्के खात फिरत असेल, तर आपले यंत्र कमी पडते आहे आणि प्रश्न 5 व 6 मधील आकडे पाहावेत. लढाईत केवळ यादी आणि बटणे लागणाऱ्या क्लायंटमध्ये `Ctrl+Shift+F9` दाबून अवकाशाचे चित्रच थांबवता येते.

11. हार्ड डिस्कवर चालेल का, की महागडी एनव्हीएमई लागते?

फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर पाच क्लायंट चालवू नयेत. साधा साटा एसएसडी पुरतो, कारण पहिल्या क्लायंटने वाचलेल्या फायली विंडोज रिकाम्या रॅममध्ये राखून ठेवते आणि पुढच्या क्लायंटना त्या तेथूनच मिळतात. क्लायंट एकदम न उघडता एकामागून एक उघडावेत.

12. हिंजवडीतल्या कार्यालयांमधून निघालेले जुने संगणक स्वस्तात मिळतात. त्यातला एखादा घेऊ का?

दोन-तीन क्लायंटसाठी ही चांगली खरेदी ठरू शकते, पण तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. चपट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे ग्राफिक्स कार्ड बसत नाही. अशा संगणकांचा पॉवर सप्लाय बहुधा खास आकाराचा आणि कमी वॅटचा असतो, त्यामुळे वेगळी वीजजोडणी मागणारे कार्ड त्यावर चालत नाही. तिसरी गोष्ट प्रोसेसरची पिढी. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, तेव्हा सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नये. चार कोअरच्या यंत्रावर पाच क्लायंट का अडखळतील, ते प्रश्न 6 मध्ये आले आहे.

13. उन्हाळ्यात दुपारी वेग कमी होतो आणि वीज गेली की सगळे क्लायंट एकदम तुटतात. काय करावे?

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातली खोली हिवाळ्यापेक्षा दहा-बारा अंशांनी सहज गरम असते, आणि प्रोसेसर व कार्डाचे तापमानही साधारण तेवढ्याच अंशांनी वर जाते. पाच क्लायंटचा भार तासन्‌तास सारखा राहतो, त्यामुळे मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. सकाळी ठीक आणि दुपारी अडखळत असेल तर कारण हेच. कॅबिनेटच्या जाळ्यांतील धूळ काढणे, पुढून हवा आत घेणारा पंखा बसवणे आणि प्रश्न 7 मधील मर्यादा घालणे, या क्रमाने जावे.

विजेसाठी 600 व्हीएचा साधा यूपीएस अशा मध्यम यंत्राला काही मिनिटे देतो, पण राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर असायला हवेत, नाहीतर संगणक चालू राहून जोडणी मात्र जाते. जोडणी तुटली की जहाज आपोआप दूर पळण्याचा प्रयत्न करते आणि लढाई सुरू नसेल तर थोड्या वेळाने दिसेनासे होते. पण दुसऱ्या खेळाडूशी लढाई चालू असेल, तर ते पंधरा मिनिटे अवकाशात राहते. पाच जहाजे एकाच वेळी अशी उघडी पडणे हे यूपीएसच्या किमतीपेक्षा फार मोठे नुकसान आहे.

14. इंटेलच्या बाराव्या पिढीपुढच्या प्रोसेसरवर मागच्या खिडक्या फारच संथ होतात. दोष कशाचा?

या पिढ्यांच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये वेगवान आणि काटकसरी अशा दोन प्रकारचे कोअर असतात, आणि विंडोज मागे गेलेली खिडकी काटकसरी कोअरकडे सोपवू शकते. 30 एफपीएसच्या मर्यादेखाली सहसा ते चालून जाते. तसे न झाल्यास टास्क मॅनेजरच्या `Details` भागात क्लायंटवर उजवा क्लिक करून `Set affinity` मधून त्याला वेगवान कोअर नेमून द्यावेत. ही नेमणूक क्लायंट बंद होईपर्यंतच टिकते. ज्या प्रोसेसरमध्ये सर्व कोअर एकाच प्रकारचे आहेत, तेथे हे करू नये. प्रत्येक क्लायंटला एकेक कोअर बांधून दिला तर एक कोअर मोकळा असतानाही दुसऱ्यावर रांग लागते, आणि वेग वाढण्याऐवजी घटतो.

15. दोन ग्राफिक्स कार्डे लावून क्लायंट वाटून देता येतात का?

विंडोजच्या `Graphics` सेटिंगमध्ये कार्यक्रमाला कार्ड नेमून देता येते, पण ती नेमणूक कार्यक्रमाच्या फाइलच्या पत्त्यावर होते. पाचही क्लायंट एकाच फाइलवरून चालत असल्याने सर्व एकाच कार्डावर जातात. गेम दुसऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा बसवला तर दुसरा पत्ता मिळतो, पण मग डिस्कवरची जागा दुप्पट लागते, प्रत्येक अपडेट दोनदा उतरवावा लागतो आणि प्रश्न 11 मध्ये सांगितलेला फायलींच्या सामायिक वापराचा लाभही जातो. 4 जीबीच्या दोन कार्डांपेक्षा 8 जीबीचे एक कार्ड सर्व दृष्टींनी सोयीचे आहे. दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडला असेल तर तोही कार्डाच्या पोर्टला लावावा, कारण एका कार्डावर काढलेले चित्र दुसऱ्याकडून दाखवायचे झाले की प्रत्येक चित्राची नक्कल करावी लागते.